दिवसाचा फोटो निऑन रात्रीत बदलताना तो ‘जांभळा दिवस’च का राहतो?

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते: “प्रीसेट लावला, शॅडोमध्ये निळा घातला, हायलाइटमध्ये गुलाबी घातला, तरी रात्र वाटत नाही. फोटोवर जांभळा जिलेटीन कागद धरल्यासारखं दिसतं.” माझा धाकटा भाऊ हेच घेऊन माझ्याकडे तीनदा आला. तिन्ही वेळा फोटो वेगळा, प्रीसेट वेगळा आणि दोष तोच. तिसऱ्यांदा मी माझाच एक जुना फोटो काढला आणि त्याच्या शेजारी बसून पहिल्यापासून करून दाखवला. तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

फोटो दादर पश्चिमेचा, रानडे रोडवरचा. जुलै महिना, संध्याकाळचे पाच, पाऊस नुकताच थांबलेला. डावीकडे साड्यांचं दुकान आणि त्याची मोठी पाटी, उजवीकडे औषधांचं दुकान, मधोमध काळी-पिवळी टॅक्सी, तिच्या पुढे लाल रेनकोटातला एक मुलगा, मागे चार मजली चाळवजा इमारत आणि वर तारांचं जाळं. फाइल रॉ, सहा हजार पिक्सेल रुंद. आभाळ पांढरंफटक.

आधी रंग काढून बघा

पहिली चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. जांभळा झालेला फोटो घ्या आणि त्याचा कृष्णधवल करा. लाइटरूममध्ये कीबोर्डवरचं `V` दाबलं की होतं. फोटोशॉपमध्ये सगळ्यात वर `Hue/Saturation` लेयर टाकून सॅच्युरेशन −100 करा. आता समोर जे दिसतं ते रात्रीचं आहे का?

भावाच्या तिन्ही फोटोंत उत्तर ‘नाही’ असंच होतं. रंग गेल्यावर उरला तो सरळसरळ दिवस. आभाळ सगळ्यात उजळ, भिंती मधल्या राखाडी, खिडक्या काळ्या, दुकानांच्या पाट्या विझलेल्या. रात्री शहरात हा क्रम उलटा असतो. पाट्या आणि दिवे सगळ्यात उजळ, मग त्यांच्या जवळचा रस्ता आणि माणसं, मग भिंती आणि शेवटी आभाळ. दिवा लागलेल्या खिडक्या भिंतींपेक्षा उजळ असतात. हा क्रम जोवर बदलत नाही तोवर कुठलाही मॅजेन्टा आणि कुठलाही सायन तुम्हाला रात्र देणार नाही. डोळा रात्र ओळखतो ती मुळात उजेड कुठून येतोय यावरून. रंग त्यानंतर येतो.

दुसरं कारण प्रीसेटच्या कामाच्या पद्धतीत आहे. लाइटरूमच्या `Color Grading` मधली तीन चाकं रंग वाटतात ती उजेडाच्या पातळीप्रमाणे. जे काळपट ते निळं, जे उजळ ते गुलाबी. निऑनचा दिवा असा वागत नाही. तो जागेप्रमाणे रंगवतो. पाटीच्या जवळचं सगळं गुलाबी होतं, मग ते काळं असो की पांढरं, आणि पाटीपासून दूरचं सगळं अंधारात जातं. प्रीसेटने एकाच भिंतीचे उजळ पोपडे गुलाबी होतात आणि त्या पोपड्यांमधल्या भेगा सायन होतात. एका भिंतीवर असे दोन दिवे एकाच जागी पडूच शकत नाहीत. कागद धरल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

तेव्हा करायचं ते एवढंच: आधी रंगाशिवाय रात्र करायची, आणि मग रंग जागेला बांधायचा, पातळीला नाही.

रात्र करणं

लाइटरूममध्ये माझ्या फोटोला एक्स्पोजर −1.7 लागलं. हायलाइट −80, व्हाइट −40, ब्लॅक −12. शॅडो मात्र मी −10 च्या खाली नेल्या नाहीत, कारण पुढे जिथे उजेड टाकायचा आहे तिथे भिंतीचा खरखरीतपणा शिल्लक हवा. शून्य काळ्यावर कितीही उजेड ओता, काहीच उगवत नाही. रॉ फाइलचं टेंपरेचर 6200 च्या आसपास होतं, ते 4200 वर आणलं. आकडा खाली म्हणजे फोटो निळा. टिंट तसाच ठेवला. मॅजेन्टा हवा म्हणून इथे टिंट +40 करायचा मोह होतो, तो आवरा. नाही तर पुढचा प्रत्येक रंग त्या गुलाबी चाळणीतून जाईल.

मग कलर मिक्सरमध्ये हिरव्याचं सॅच्युरेशन −80 आणि पिवळ्याचं −30. हिरवा का मारायचा? कारण दिवस ओळखू येण्याची ती दुसरी मोठी खूण आहे. झाडाची पानं रात्री हिरवी दिसत नाहीत, काळपट दिसतात. पिवळ्याला पूर्ण मारू नका. टॅक्सीचं छप्पर पुढे कामाला येणार आहे. `Color Grading` मध्ये फक्त शॅडोच्या चाकाला हात लावला: ह्यू 230, सॅच्युरेशन 20. हा सायन नाही, गडद निळा आहे. सायन शॅडोत टाकला की काळा रंग दुधाळ होतो. त्याचं कारण या सूत्रात आहे. उजळपणा डोळ्याला कसा भासतो ते यावरून मोजतात:

```
Y = 0.2126 R + 0.7152 G + 0.0722 B
मॅजेन्टा (1, 0, 1)  →  0.28
सायन    (0, 1, 1)  →  0.79
```

म्हणजे दोन्ही रंग पूर्ण ताकदीने लावले तर सायन मॅजेन्टापेक्षा जवळजवळ पावणेतीन पट उजळ भासतो. अंधाराला सायन लावणं म्हणजे अंधारात ट्यूबलाइट लावणं. हाच आकडा पुढे दोन रंगांचं क्षेत्र ठरवतानाही उपयोगी पडतो. मी फोटोचा साधारण दोन तृतीयांश भाग मॅजेन्टाला दिला आणि सायनला उजवीकडचा पट्टा. अर्धा-अर्धा दिला असता तर सायनने मॅजेन्टाला गिळलं असतं.

आता आभाळ. इथे बहुतेकांचं गाडं तारांत अडकतं, शब्दशः. `Select Sky` ने आभाळ निवडून काळं केलं की तारांच्या आणि गच्चीच्या कडांना पांढरी किनार उरते. मास्क कितीही घासा, ती जात नाही, कारण त्या कडेच्या पिक्सेलमध्ये पांढरं आभाळ आधीच मिसळलेलं असतं. उपाय उलटा आहे: आभाळ कापायचंच नाही. फोटोशॉपमध्ये वरून खाली विरणारा एक ग्रेडियंट टाका, रंग गडद निळा, माझा `#141A33` होता, आणि लेयरचा मोड `Multiply`. मल्टिप्लायमध्ये पांढऱ्या आभाळाला तो निळा रंग मिळतो, काळ्या तारा काळ्याच राहतात आणि मधल्या कडा आपोआप मधल्या होतात. इमारतीचे वरचे मजलेही थोडे अंधारतात, पण रात्री ते तसेच असतात. दिवे खाली असतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पावसाळ्यातल्या मुंबईचं आभाळ रात्री काळं नसतं. ढगांना खालून शहराचा उजेड लागतो आणि क्षितिजाकडे ते जास्त उजळ असतं. म्हणून ग्रेडियंट वर गडद आणि छपरांच्या रेषेजवळ हलका ठेवा, आणि त्या हलक्या पट्ट्यात मॅजेन्टाचा पुसट हात फिरवा. पूर्ण काळं आभाळ कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

खिडक्यांचं काम कंटाळवाणं आहे, पण लागतं. दिवसा खिडकीची काच आभाळ दाखवते किंवा काळी असते. मी इमारतीच्या तीसेक खिडक्यांपैकी सहा निवडून उजळल्या, चार फिक्या पिवळट आणि दोन सायन, आणि बाकीच्या काळ्या केल्या. सगळ्या लावल्या तर चाळीत लग्न असल्यासारखं दिसतं.

इथे थांबून पुन्हा कृष्णधवल चाचणी करा. आता फोटो कंटाळवाणा, अंधारा, पण रात्रीचा दिसला पाहिजे. तसा दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

धुकं का येतं: हवेतला उजेड आणि भिंतीवरचा उजेड

आता मुख्य भाग. भाऊ इथपर्यंत आला, मग त्याने मऊ गुलाबी ब्रश घेतला, लेयरला `Screen` मोड दिला आणि भिंतीवर, रस्त्यावर, टॅक्सीवर गुलाबी फिरवलं. झालं काय? भिंतीवर गुलाबी धुकं आलं. विटा, पोपडे, दोरीवरचे कपडे सगळं त्या धुक्यामागे गेलं. जिथे फोटो पुरेसा अंधारा केलेला नव्हता तिथे तर आणखीच. स्क्रीनचं गणित बघितलं की कळतं. यात base म्हणजे खालचा फोटो, light म्हणजे त्यावर टाकलेला रंग, 0 म्हणजे काळं आणि 1 म्हणजे पूर्ण उजळ:

```
result = 1 − (1 − base) × (1 − light)
base 0.5, light 0.4  →  0.70
base 0.1, light 0.4  →  0.46
```

राखाडी भिंतीवर टाकलेला उजेड तिला जेमतेम दीडपट करतो. अंधाऱ्या भिंतीवर तोच उजेड साडेचार पट होतो. म्हणून दिवसाच्या फोटोवर निऑन कधी ‘पेटत’ नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. स्क्रीन उजेडाची भर घालतो, आणि गडद भेगांवर उजळ पोपड्यापेक्षा जास्तच भर पडते. भेग आणि पोपडा यांच्यातला फरक मिटतो. हवेत पसरलेला उजेड खरोखर असाच वागतो, कारण तो कॅमेऱ्याच्या आणि भिंतीच्या मध्ये असतो. भिंतीवर पडलेला उजेड असा वागत नाही. तो भिंतीच्या रंगाशी गुणला जातो. पांढरा पोपडा जास्त परत फेकतो, काळी भेग जवळजवळ काहीच नाही.

म्हणून दोन वेगळे उजेड, दोन वेगळे लेयर. पाटीभोवतीचं तेजोवलय हवेतलं, ते `Screen` वर. भिंत, रस्ता, टॅक्सी, चेहरे यांच्यावर पडलेला उजेड `Color Dodge` वर, कारण त्याचं गणित गुणाकाराचं आहे:

```
result = base / (1 − light)

टॅक्सीचं छप्पर, अंधारल्यावर:    R 0.30  G 0.26  B 0.05
मॅजेन्टा (0.6, 0.1, 0.6) टाकून:  R 0.75  G 0.29  B 0.13
सायन (0, 0.6, 0.6) टाकून:      R 0.30  G 0.65  B 0.13
```

हे आकडे वाचा, गंमत आहे. पिवळं छप्पर मॅजेन्टा उजेडात लालभडक झालं आणि सायन उजेडात हिरवं. प्रत्यक्षातही असंच होतं. पिवळा रंग लाल आणि हिरवा परत फेकतो, निळा गिळतो. मॅजेन्टा उजेडात हिरवा जवळजवळ नसतोच, म्हणून उरतो लाल. ब्रशने छप्पर गुलाबी रंगवलं असतं तर ते गुलाबी दिसलं असतं आणि डोळ्याला कुठेतरी खटकलं असतं, का ते सांगता आलं नसतं. डॉज मोड हे आपणहून करतो. पिवळ्याचं सॅच्युरेशन पूर्ण मारू नका म्हटलं ते याच्यासाठी.

वापरायची पद्धत अशी. नवा लेयर घ्या, तो पूर्ण काळ्याने भरा, मोड `Color Dodge` करा. काळा म्हणजे शून्य उजेड, म्हणून फोटो जसाच्या तसा दिसेल. आता मोठा मऊ ब्रश, फ्लो 10 टक्क्यांच्या आसपास, रंग मॅजेन्टासाठी `#991A99`, आणि पाटीपासून सुरू करून लांब जाता जाता विरत न्या. पाटीच्या अगदी खालचा फूटपाथ जोरात, टॅक्सीची डावी बाजू मध्यम, समोरची भिंत जेमतेम. सायनसाठी वेगळा लेयर, रंग `#009999`. जास्त झालं तर लेयरची `Opacity` कमी करण्याऐवजी `Fill` कमी करा. डॉजमध्ये त्या दोन्हींचा परिणाम वेगळा असतो आणि फिलने उजेड जास्त नैसर्गिक विरतो. जिंप वापरत असाल तर तिथे या मोडचं नाव नुसतं `Dodge` आहे, बाकी कृती तीच. ज्यांना फक्त लाइटरूमच हवं त्यांनी ब्रश मास्क घ्यावा, त्यात एक्स्पोजर +1.5 आणि रंगाच्या चौकोनात मॅजेन्टा. एक्स्पोजरसुद्धा गुणाकारच आहे, म्हणून भिंतीचा पोत टिकतो.

माझ्या फोटोत सगळ्यात जास्त वेळ या लेयरवर गेला, जवळपास तास. तो द्यावा लागतो. प्रत्येक वस्तूला विचारावं लागतं की तुझ्या कुठल्या बाजूने कुठली पाटी दिसते. टॅक्सीच्या छपराची डावी कड लाल, उजवी कड हिरवट आणि मधे अंधार, एवढं जमलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता ही रात्र आहे.

पाटी पेटवणं

पाटीसाठी जो तो शुद्ध मॅजेन्टा घेतो, म्हणजे 255, 0, 255, आणि अक्षरं भरतो. दिसतं काय, तर गुलाबी ऑइलपेंट. खऱ्या फोटोत निऑनच्या नळीचा गाभा जवळजवळ पांढरा असतो, कारण सेन्सर तिथे भरून वाहतो. रंग असतो तो गाभ्याच्या भोवती. म्हणून अक्षरं किंवा पाटीची चौकट फिक्या गुलाबीने, `#FFE0FF` सारख्या रंगाने, काळ्या लेयरवर रंगवा. त्या लेयरच्या तीन प्रती करा आणि प्रतींना मॅजेन्टा रंग द्या. `Gaussian Blur` पहिल्या प्रतीला 6 पिक्सेल, दुसरीला 45, तिसरीला 220, आणि सगळे लेयर `Screen` वर. दुसऱ्या प्रतीची अपारदर्शकता 60 टक्के, तिसरीची 25. हे आकडे सहा हजार पिक्सेल रुंदीचे आहेत. फोटो तीन हजारांचा असेल तर निम्मे करा. इथे बऱ्याच जणांची चूक होते: यूट्यूबवरचा आकडा जसाच्या तसा छोट्या फोटोला लावतात आणि वलय अख्ख्या गल्लीभर पसरतं.

पाटीवरची अक्षरं वाचता येत नसतील आणि सपाट गुलाबी डाग दिसत असेल, तर लाल आणि निळी वाहिनी 255 ला टेकली आहे. हिस्टोग्राममध्ये उजव्या भिंतीला लाल-निळा सुळका चिकटलेला दिसेल. सॅच्युरेशन कमी करून हे सुटत नाही. डॉजचा लेयर पाटीवरूनच फिरला आहे का ते बघा. बहुधा तेच असतं. पाटी स्वतः दिवा आहे, तिच्यावर दुसरा उजेड टाकायचा नसतो. डॉजच्या लेयरवर पाटीची जागा काळी करून टाका.

(जाता जाता: निऑन वायू स्वतः लाल-नारिंगी उजळतो. जॉर्ज क्लोद यांनी डिसेंबर 1910 मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर मांडले ते दिवे याच रंगाचे. निळ्यासाठी नळीत आर्गॉन आणि पारा लागतो, आणि गुलाबी-जांभळ्या छटा काचेच्या रंगातून किंवा आतल्या लेपातून येतात. मॅजेन्टा तर इंद्रधनुष्यात नाहीच, लाल आणि निळा एकत्र आले की मेंदू तो बनवतो. तेव्हा सगळं मॅजेन्टा-सायनच पाहिजे हा कल्पनेतल्या शहराचा नियम आहे. एखादी नारिंगी पाटी ठेवलीत तर फोटो खोटा होत नाही, उलट.)

ओला रस्ता

रस्ता ओला असेल तरच हे करा. कोरड्या डांबरावर प्रतिबिंब टाकलं की रस्ता काचेचा वाटतो. पाटी आणि तिचं वलय यांची एक प्रत एकत्र करून उभी उलटी करा आणि पाटीच्या सरळ खाली ठेवा. इमारतीचा पाया रस्त्याला जिथे टेकतो त्या रेषेच्या वर पाटी जितकी आहे, साधारण तितकीच खाली तिची छबी. मग `Motion Blur`, कोन 90 आणि अंतर 200, म्हणजे छबी उभी ओघळते. मोड `Screen`, कारण ओल्या पृष्ठभागावरची चमक डांबराच्या रंगाशी गुणली जात नाही, वरच्यावर परत येते. शेवटी मास्क घेऊन जिथे पाणी नाही तिथून पुसा. माझ्या फोटोत खड्ड्यातलं पाणी दिवसा पांढरं आभाळ दाखवत होतं, तेच मास्क म्हणून कामाला आलं: मूळ फोटोत जे चकाकतंय तिथे प्रतिबिंब, बाकी नाही. टॅक्सीच्या चाकांच्या मागे प्रतिबिंब टॅक्सीवरून गेलंय का, तेही बघा. माझं गेलं होतं.

उरलेल्या तक्रारी

चेहरे मेल्यासारखे राखाडी दिसतात, ही तक्रार हमखास येते. कारण पुन्हा तेच: त्वचा सगळ्यात जास्त लाल परत फेकते आणि सायन उजेडात लाल नसतोच. माणूस सायन पाटीखाली उभा असेल तर तो तसाच दिसणार. चेहऱ्याच्या एका बाजूला मॅजेन्टाची कड द्या, गालाचं हाड आणि नाकाची धार एवढ्यावरच, त्वचा जिवंत होते. रेनकोटातल्या मुलाचंही तेच. तो उजव्या पाटीजवळ होता आणि त्याचा लाल रेनकोट सायनमध्ये जवळजवळ काळा झाला. मला तो लाल हवा होता, म्हणून नाइलाजाने त्याच्या पाठीवर डावीकडचा मॅजेन्टा आणला. अंतर बघता तिथे इतका उजेड पोचणार नाही, पण ती लबाडी कोणाला दिसली नाही.

आभाळात पायऱ्या किंवा पट्टे दिसत असतील तर बहुधा तुम्ही जेपीजीवर काम करताय. जेपीजीत एका वाहिनीला 256 पायऱ्या असतात आणि सपाट ढगाळ आभाळ त्यातल्या जेमतेम तीसेक वापरतं. त्याच तीस पायऱ्या तुम्ही गडद निळ्यापासून गुलाबीपर्यंत ताणता, म्हणून पट्टे पडतात. लाइटरूममधून फोटोशॉपकडे पाठवताना 16 बिट निवडा. मूळच जेपीजी असेल तर आधी `Mode` मधून 16 बिट करा, मग ग्रेडियंट टाका, आणि सगळ्यात शेवटी `Add Noise` एक ते दीड टक्का, `Monochromatic` वर खूण करून. रात्रीच्या फोटोत थोडे दाणे असतातच, त्यामुळे ते खपून जातात.

संगणकावर झळाळणारा मॅजेन्टा फोनवर मळकट दिसतो, तेव्हा बहुतेकदा फाइल अडोबी आरजीबीमध्ये सेव्ह झालेली असते. एक्स्पोर्ट करताना `sRGB` निवडा. काम करताना संगणकाचा नाइट लाइट बंद ठेवा. तो चालू असला तर निळा कमी दिसतो आणि तुम्ही नकळत जास्त निळा घालून बसता. प्रिंटबद्दल फार आशा नको. हा तेजस्वी सायन आणि मॅजेन्टा पडद्याच्या उजेडातून येतात, शाईला तेवढी झळाळी नसते.

आणि एका प्रकारच्या फोटोला उपायच नाही. ज्यात कडक ऊन आहे, माणसांच्या लांब धारदार सावल्या रस्त्यावर पडल्या आहेत, तो सोडून द्या. सिनेमावाले भर उन्हात शूट करून निळ्या फिल्टरने रात्र दाखवायचे, पण ती चांदण्याची रात्र. एकच चंद्र, म्हणून एकाच दिशेच्या सावल्या चालून जायच्या. दहा पाट्यांच्या गल्लीत सगळ्या सावल्या एकाच बाजूला पडल्या की सूर्य ओळखू येतो. भावाच्या तीनपैकी दोन फोटो याच कारणाने मी बाजूला ठेवले. ढगाळ दिवस, पाऊस थांबल्यानंतरची वेळ, किंवा उंच इमारतींच्या सावलीतली अरुंद गल्ली, असा फोटो घ्या. टॅक्सीच्या खालची सावली बघा. ती कडेला पुसट असेल तर काम होईल.

माझा फोटो पूर्ण झाला, मी तो भावाला दाखवला. तो बराच वेळ झूम करून बघत राहिला आणि म्हणाला, “दादा, टॅक्सीवाला रात्रीचा हेडलाइट न लावता चाललाय.” खरंच. पाट्या पेटवल्या, खिडक्या पेटवल्या, आणि मधोमध उभ्या टॅक्सीचे दोन्ही दिवे दिवसासारखेच विझलेले. ते लावले: फिका पिवळसर गाभा, त्याला लहान वलय, समोरच्या ओल्या रस्त्यावर दोन ओघळ. पिवळट प्रकाश मी तेवढाच ठेवला, दोन दिवे आणि चार खिडक्या.